मोकळ्या अंगणात डिसेंबर फुलवताना

नर्सरीच्या कॅटलॉगात हमखास दिसणारं एक चित्र आहे. बंगल्यापुढची बाग, एका कोपऱ्यात मोगरा बहरलेला, त्याला लागून शेवंतीचा ताटवा, भिंतीपलीकडे गुलमोहर लालभडक आणि खाली श्रावणातल्यासारखी हिरवीगार लॉन. प्रत्येक झाडाचा फोटो वेगळा बघितला तर सुरेख असतो. पण मोगरा उन्हाळ्याचा, शेवंती थंडीची, गुलमोहर एप्रिल-मे महिन्यांतला आणि तशी लॉन भर पावसातली. अशी बाग महाराष्ट्रात वर्षाच्या कुठल्याच दिवशी कोणाला दिसलेली नाही. बागेतलं कळणारा माणूस ते पान बघून पुढचं वाचतच नाही. ज्याला कळत नाही तो मे महिन्यात शेवंतीची रोपं मागायला येतो आणि फुलं का येत नाहीत म्हणून पावसाळाभर रोपाकडे बघत बसतो. मला या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते.

रिकाम्या जागेच्या फोटोवर झाडं-फुलं जोडणं हे काम आता बहुतेक नर्सऱ्यांना करावं लागतं. ग्राहकाला मोकळा मुरूम दाखवून चालत नाही, आणि दरवर्षी प्रत्यक्ष बाग लावून तिचे फोटो काढणं परवडत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन हे काम कसं करायचं ते सविस्तर सांगतो. जागा पुण्यातली आहे. बंगल्यापुढे साधारण सहा मीटर खोल मोकळी जमीन, समोर उत्तरेला पाच फुटी कंपाउंडची भिंत, डाव्या हाताला फरशीची पायवाट. कॅटलॉगचं पान हिवाळ्याचं आहे.

संगणक सुरू करण्याआधी एक तारीख आणि एक वेळ ठरवायची. आपण 10 डिसेंबर, सकाळी साडेनऊ ही ठरवू. यानंतरचा प्रत्येक निर्णय या एका ओळीला विचारून घ्यायचा. कोणतं झाड घ्यायचं, ते किती वाढलेलं दाखवायचं, त्याची सावली कुठे पडेल, माती ओली की कोरडी, लॉनचा रंग कसा, सगळं त्यातूनच ठरतं.

आधी झाडं निवडू. भिंतीलगत राणी रंगाची बोगनवेल चालेल. पाऊस संपून जमीन सुकू लागली की ती रंगावर येते. मधल्या वाफ्यात पिवळी शेवंती. दिवस लहान झाले की शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे पुण्याच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबर हा तिचा हक्काचा काळ. पुढच्या कडेला पेटुनिया. सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबरात लावलेली रोपं डिसेंबरात फुललेली असतात. हिरवाईसाठी क्रोटन आणि अरेका पाम घेता येतील, कारण त्यांना ऋतूचं बंधन फारसं नाही. मोगरा हवाच असेल तर नुसत्या पानांचा, फुलाशिवाय दाखवायचा. पांढऱ्या फुलांचा आग्रह असेल तर कुंद घ्यावा, तो थंडीतच फुलतो.

चाफ्यापाशी नर्सरीमालक हमखास अडतात. चाफा खपतो, म्हणून तो पानात हवा. पण देवचाफ्याची पानं हिवाळ्यात गळायला लागतात आणि फुलांचा खरा बहर उन्हाळ्यात, बऱ्याचदा पानं नीट फुटण्याआधीच येतो. डिसेंबरच्या अंगणात गच्च पानांचा आणि फुलांनी लगडलेला चाफा उभा केला तर सगळं पान खोटं पडतं. एक तर तो विरळ पानांचा, जाड फांद्या दिसणारा असा दाखवा, नाहीतर त्याला उन्हाळ्याच्या पानावर जागा द्या. मी दुसरं करीन.

आता मोकळ्या जागेचा फोटो. तो शक्यतो डिसेंबरातच, ठरवलेल्या वेळेला काढावा. मे महिन्यातला फोटो घेऊन त्यावर हिवाळा रचता येत नाही, आणि याचं कारण सूर्य आहे. 10 डिसेंबरला साडेनऊ वाजता पुण्यात सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून जेमतेम 30 अंश वर असतो. वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपट लांब, वायव्येकडे पडते. त्या दिवशी भर दुपारीही तो 48-49 अंशांच्या वर जात नाही, म्हणजे सावली जवळपास उंचीइतकी राहतेच. उलट मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि दुपारी खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे आपली उत्तरेची भिंत, जिचं तोंड दक्षिणेला आहे, ती जूनच्या दुपारी उन्हात नसते. डिसेंबरात तीच भिंत दिवसभर तापते. फोटोत भिंतीवर कसं ऊन आहे एवढ्यावरून जाणकार माणूस ऋतू सांगू शकतो.

फोटो काढताना जमिनीत एक मीटर लांबीची काठी सरळ उभी रोवावी आणि एक फोटो काठीसह, एक काठीशिवाय घ्यावा. कॅमेरा दोन्ही वेळा तिवईवर, न हलवता. काठी सावलीची दिशा देते, लांबी देते आणि सावलीत मुरूम किती काळा होतो तेही देते. हे तिसरं पुढे फार उपयोगी पडतं. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणि सपाट ठेवा, वर किंवा खाली झुकवू नका.

दीड मीटर का, तर मापासाठी. सपाट जमिनीवर कॅमेऱ्याइतक्या उंचीची प्रत्येक वस्तू, जवळ असो वा लांब, फोटोत क्षितिजरेषेला टेकते. आपली भिंत पाच फुटी, म्हणजे दीड मीटरच. तेव्हा भिंतीची वरची कड हीच फोटोतली क्षितिजरेषा झाली. (भिंत वेगळ्या उंचीची असेल तर पायवाटेच्या दोन्ही कडा पुढे वाढवाव्यात. त्या जिथे मिळतात ती क्षितिजाची पातळी.) आता रोप जिथे ठेवायचं त्या मातीपासून या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं, ते दीड मीटर. आपल्या फोटोत चार मीटरवरच्या वाफ्यापासून रेषेपर्यंत 900 पिक्सेल भरतात असं धरू. शेवंती 45 सेंटीमीटरची, म्हणजे दीड मीटरच्या तीन दशांश, म्हणून ती 270 पिक्सेल उंच हवी. तीन मीटरवरच्या पुढच्या कडेला हेच अंतर 1200 पिक्सेल होईल, त्यामुळे 20 सेंटीमीटरची पेटुनिया 160 पिक्सेल. सहा मीटरवर भिंतीच्या पायाशी ते 600 उरतं, आणि 1.8 मीटरची बोगनवेल 720 पिक्सेल होऊन भिंतीच्या वर 120 पिक्सेल डोकं काढते. हा हिशेब न करता नुसत्या नजरेने रोपं मोठी-लहान केली की बहुतेक वेळा पुढची पेटुनिया लहान आणि मागची शेवंती मोठी होते, आणि अंगण चपटं दिसायला लागतं.

मोकळ्या जागेइतकीच काळजी झाडांच्या फोटोंची. नर्सरीत रोपं हिरव्या शेडनेटखाली असतात आणि फोटो तिथेच काढून मोकळे होण्याचा मोह होतो. पण नेटखालचा उजेड हिरवट असतो आणि पसरट असतो. पांढरी पाकळी फिकट हिरवी दिसते, पानांना लख्ख आणि अंधारी अशी बाजूच उरत नाही. असं रोप उन्हातल्या अंगणात ठेवलं की ते कागदातून कापून चिकटवल्यासारखं वाटतं, आणि कितीही रंग सुधारले तरी ते जात नाही, कारण चूक रंगाची नसून उजेडाच्या दिशेची असते. म्हणून कुंडी उघड्यावर आणायची, सकाळी साडेनऊलाच, आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला करून, सूर्य आपल्या उजव्या खांद्यामागे राहील असं उभं राहायचं. मोकळ्या जागेचा फोटो काढताना उभे होतो तसंच.

उंचीही सांभाळायची. चार मीटरवरचा वाफा दीड मीटरवरून बघताना नजर साधारण 20 अंश खाली उतरते. तीच कुंडी पायाशी ठेवून फोटो काढला तर नजर 45 अंशांहूनही खाली जाते, फुलांचे माथे दिसतात आणि खोड लपतं. मग चार मीटर मागे जाऊन झूम करावं. जागा नसेल तर दोन मीटरवरून, कॅमेरा जमिनीपासून पाऊण मीटरवर आणून काढावा, कोन तोच मिळतो. रोपामागे करडं कापड धरायला एक माणूस हवा. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या फुलांच्या कडा हरवतात, आणि हिरव्या झाडीपुढे पानं वेगळी काढताना जीव जातो.

शेवंतीची किमान सात-आठ वेगवेगळी रोपं टिपावीत. एकाच रोपाच्या बारा प्रती लावलेला ताटवा कोणालाही कळतो. काहीजण यावर उपाय म्हणून रोप आडवं उलटवतात. ते करू नका. उजवीकडून ऊन खाणारं रोप उलटवलं की डावीकडून उजळलेलं दिसतं, आणि शेजारच्या रोपांशी त्याचं भांडण सुरू होतं. वेगळेपणा रोपांच्या अवस्थेतूनच यायला हवा. खऱ्या ताटव्यात काही रोपं पूर्ण उमललेली, काही अर्धवट, काही कळ्यांतच, आणि एखाद्यावर कोमेजून तपकिरी झालेलं फूल असतंच. ते तपकिरी फूल काढून टाकू नका.

इथून काम संगणकावर. मी मोफत मिळणाऱ्या GIMP वर सांगतो, इतरत्रही पायऱ्या याच राहतात. काठीशिवायचा फोटो सर्वांत खाली, काठीचा त्याच्यावर बंद करून ठेवलेला. प्रत्येक रोप वेगळ्या लेयरवर. करड्या कापडावरून रोप निवडून घेतलं की `Select > Shrink…` ने निवड एक पिक्सेल आत घ्यायची, `Select > Feather…` ने कडा अगदी थोडी मऊ करायची आणि मग `Layer > Mask > Add Layer Mask…` ने, `Selection` हा पर्याय निवडून, मास्क लावायचा. खोडरबरने पुसू नये, कारण मास्कवर पुन्हा रंगवून पान परत आणता येतं. कडेला करड्याची बारीक रेघ राहिली आहे का हे 200 टक्के मोठं करून बघावं. पाकळ्यांच्या टोकांशी ती हटकून राहते.

रोपं ठेवताना मागून पुढे या. आधी बोगनवेल, मग क्रोटन, शेवंती आणि शेवटी पेटुनिया. पण रोपांच्या आधी वाफा हवा, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक कॅटलॉगांत गाळलेली असते. कोरड्या, पिवळट मुरमातून शेवंती वर आलेली दाखवली की ती तिथे रुजलेली वाटत नाही. म्हणून त्याच वेळेला, त्याच कोनातून एखाद्या खऱ्या वाफ्याचा फोटो घ्यावा. सकाळी पाणी दिलेली, गडद, थोडी ढेकळं असलेली माती आणि वाफ्याची उठलेली कड. तो लेयर अंगणावर बसवून त्याची कडा मुरमात मिसळून घ्यायची. दोन रोपांमधली माती दिसू द्यायची. ऑक्टोबरात लावलेली पेटुनिया डिसेंबरात पसरून एकमेकींना भिडलेली असते, पण शेवंतीच्या खाली माती दिसतेच. लॉन दाखवायची असेल तर तीही डिसेंबरातली, किंचित मंदावलेल्या हिरव्या रंगाची. जुलैमधला गवताचा फोटो या उन्हात बसत नाही.

सगळं काम सावलीवर तरतं किंवा बुडतं. रोपाच्या लेयरची प्रत काढून ती पूर्ण गडद निळसर-काळ्या रंगाने भरा, रोपाच्या खाली ठेवा, आणि मोड `Multiply` करा. मग `Unified Transform` ने तिचा बुंधा जागच्या जागी ठेवून माथा मागे आणि डावीकडे झोपवा. लांबी-दिशा काठीच्या फोटोवरून. काठी एक मीटरची, वाफ्याच्याच अंतरावर रोवलेली असेल तर तिची सावली फोटोत जिथवर जाते त्याच्या साधारण 0.45 पट शेवंतीची. सावली झुडपाची असेल तर ही युक्ती चालते. फांद्या मोकळ्या असलेल्या उंच झाडाची सावली मात्र अशी करू नये, कारण सूर्याला झाड ज्या बाजूने दिसतं ती आपल्याला दिसणारी बाजू नसते. तिथे खऱ्या झाडाच्या सावलीचा वेगळा फोटोच घ्यावा.

सावली किती काळी करायची हे डोळ्यांनी ठरवू नका. काठीचा लेयर चालू करून `Color Picker` ने उन्हातला मुरूम आणि काठीच्या सावलीतला मुरूम मोजा. समजा उन्हात 180 आणि सावलीत 90 आलं. मग आपल्या सावलीची `Opacity` कमी-जास्त करत तिच्याखालचा मुरूम 90 च्या आसपास आणा. वाफ्याच्या ओल्या मातीवर आकडा आणखी खाली जाईल, प्रमाण मात्र निम्म्याचंच ठेवा. कोरी काळी सावली उन्हात कधीच नसते. आकाशाचा उजेड तिच्यात येतो, म्हणून ती निळसर असते. आणि कडा बुंध्यापाशी धारदार, टोकाकडे मऊ. सूर्यबिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतं, त्यामुळे सावली टाकणारं पान जमिनीपासून एक मीटर लांब असेल तर कडा सुमारे एक सेंटीमीटर धूसर होते. 45 सेंटीमीटरच्या शेवंतीला एवढं कमी धूसरपण पुरतं, की `Gaussian Blur` जास्त वापरलं की लगेच ढगाळ दिवस वाटायला लागतो.

याशिवाय बुंध्याजवळ, जिथे खोड मातीत शिरतं तिथे, एक छोटा गडद डाग स्वतंत्र लेयरवर मऊ ब्रशने द्यावा. तिथे सूर्याचा आणि आकाशाचाही उजेड पोचत नाही. हा डाग नसला की रोप तरंगतं. भिंतीपाशी आणखी एक गोष्ट. बोगनवेलीची सावली मागे सरकत जमिनीवरून भिंतीला लागली की ती भिंतीवर चढते, आणि चढताना डावीकडे न कलता सरळ उभी जाते. जमिनीवरची सावली तशीच भिंतीतून आरपार गेलेली कितीतरी छापील पानांवर दिसते.

रंगांत एकच सवय सोडायला हवी, हिरवा भडक करण्याची. उन्हात समोरून उजळलेलं पान चकाकतं खरं, पण त्या चकाकीत आकाशाचा करडा-निळा असतो, हिरवा फिका पडतो. मागून ऊन आलेलं पानच पोपटी पेटतं, आणि आपलं ऊन तर आपल्या पाठीमागून आहे. त्यामुळे `Colors > Hue-Saturation…` मध्ये हिरव्याची तीव्रता वाढवण्यापेक्षा थोडी कमीच करावी. सगळी रोपं आणि मूळ फोटो यांचा उबदारपणा `Colors > Color Temperature…` ने एका पातळीवर आणावा, पांढऱ्या भिंतीला आणि पांढऱ्या पेटुनियाला शेजारी ठेवून. छपाईला देण्याआधी बोगनवेलीचा छापील नमुना आवर्जून मागावा. राणी रंग पडद्यावर जसा झळकतो तसा चार रंगांच्या शाईत उतरत नाही, आणि तो मळला तर पडद्यावरची दुरुस्ती कामी येत नाही.

शेवटची परीक्षा संगणकावर नाही. चित्राचा एक प्रिंट काढून नर्सरीतल्या जुन्या माळीकाकांपुढे ठेवायचा आणि काही न सांगता विचारायचं, "काका, हा फोटो कोणत्या महिन्यातला असेल?" त्यांनी "मार्गशीर्षातला" किंवा "डिसेंबरातला" म्हटलं तर पान छपाईला जाऊ द्यावं. ते थांबले, चष्मा पुसायला लागले, तर त्यांची नजर कुठे अडली ते विचारावं. बहुतेक वेळा ती फुलावर अडत नाही. भिंतीवरच्या ताज्या शेवाळावर, भिंतीपलीकडच्या झाडाच्या कोवळ्या पालवीवर किंवा ओल्या फरशीवर अडते, म्हणजे मोकळ्या जागेच्या मूळ फोटोतच दुसरा ऋतू राहून गेलेला असतो. मग तो फोटो पुन्हा काढण्याला पर्याय नाही.

आणि चित्राखाली एक ओळ छापावी, वाचता येईल अशा टायपात: "रोपे मूळ जागेच्या छायाचित्रावर जोडली आहेत. डिसेंबरात, लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी बाग अशी दिसते." 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. पण तो नसता तरी ही ओळ छापायलाच हवी, कारण पैसे देऊन रोप नेणारा माणूस त्या चित्राकडे बघूनच आपल्या अंगणात खड्डा खणणार आहे.